पाहुण्यांच्या बाथरूममधलं चित्रांचं कार्ड: फ्लश, मिक्सर आणि गीझर आजी-आजोबांना कसं समजावायचं?

दिवाळीला, लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामासाठी गावाकडचे आजी-आजोबा शहरातल्या फ्लॅटवर येतात. चहापाणी होतं, सामान खोलीत जातं आणि घरातलं कुणीतरी बाथरूमचं दार उघडून भरभर सांगून टाकतं, "हा फ्लश, हा मिक्सर, गीझरचं बटण बाहेर आहे."

आजी-आजोबा मान डोलावतात. पण खरी वेळ येते पहाटे पाच वाजता. घर झोपलेलं असतं, डोळ्यांवर चष्मा नसतो आणि एवढ्यासाठी सुनेला उठवायचं कसं, असा संकोच असतो.

या वेळेसाठी काही घरांत बाथरूममध्ये चित्रांचं एक कार्ड लावतात. कल्पना सोपी आहे. तरी अनेक कार्डांचा उपयोग होत नाही, कारण त्यावर वस्तूंची नावं असतात आणि हाताने नेमकं काय करायचं ते नसतं. उपयोगी पडेल असं कार्ड कसं करायचं, त्यात सगळ्यात जास्त जागा कशाला द्यायची आणि ते जमलं की नाही हे कसं ओळखायचं, ते पाहूया.

नेमकं अडतं कुठे?

गावाकडच्या न्हाणीघरात प्रत्येक वस्तू आपलं काम स्वतःच सांगते. बंबाखाली जाळ दिसतो, म्हणजे पाणी तापतंय. घंगाळात कढत पाणी काढलेलं दिसतं, त्यावर वाफ दिसते. शेजारच्या बादलीत गार पाणी असतं. कढत पाण्यात बेताने गार पाणी घालायचं, म्हणजे विसण घालायचं, आणि बोट बुडवून अंदाज घ्यायचा. संडासात पाणी ओतलं की काम झालं.

शहरातल्या बाथरूममध्ये हे सगळं भिंतीत किंवा डब्यात लपलेलं असतं. पाणी तापतं ते छताजवळच्या पांढऱ्या डब्यात, पण त्याचं बटण दाराबाहेर. फ्लशची टाकी अनेकदा भिंतीच्या आत असते आणि बाहेर फक्त एक गुळगुळीत पट्टी दिसते. ती दाबायची असते हे पट्टीकडे बघून कळत नाही.

सगळ्यात अवघड असतो मिक्सर. एकाच दांड्याला तीन कामं दिलेली असतात. वर उचलला की पाणी सुरू, डावीकडे-उजवीकडे वळवला की गरम-गार आणि शेजारची खुंटी फिरवली की पाणी तोटीतून येणार की डोक्यावरच्या शॉवरमधून, हे ठरतं. यातलं काहीही त्या चकचकीत दांड्यावर ठळक लिहिलेलं नसतं. असलाच तर लाल-निळा ठिपका असतो, तोही शर्टाच्या बटणापेक्षा लहान.

त्यामुळे कार्डाला तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. हात कुठे लावायचा, तो कुठल्या दिशेला न्यायचा आणि बरोबर झालं हे कशावरून कळेल. यातलं शेवटचं उत्तर बहुतेक कार्डांवर नसतंच.

सगळ्यात जास्त जागा कशाला द्यायची?

फ्लश चुकला तर थोडी पंचाईत होते. गीझर चालू राहिला तर वीजबिल वाढतं. मिक्सर चुकला तर मात्र माणूस भाजतो. म्हणून कार्डावरची अर्धी जागा मिक्सरला द्यायला हवी.

किती तापलेलं पाणी किती वेळात भाजतं, याचा पायाभूत अभ्यास अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. आजही गरम पाण्याच्या सुरक्षेचे नियम त्याच आकड्यांभोवती फिरतात. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजतं. पाणी ५० अंशांवर असेल तर त्याला काही मिनिटं लागतात. दहा अंशांच्या फरकाने हात मागे घ्यायला इतका वेळ मिळतो.

वयस्कर माणसांची त्वचा पातळ झालेली असते आणि हात-पाय पटकन मागे घेणं जमत नाही. अनेक वर्षांचा मधुमेह असेल तर पायाला चटका जाणवतोच उशिरा. त्यामुळे हे पाच सेकंदही त्यांच्या बाबतीत भरवशाचे नाहीत.

चूक होते ती अशी. आजी दांडा गरमकडे वळवून उचलतात. गीझरपासून नळापर्यंतच्या पाइपात आधीचं गार पाणी भरलेलं असतं, तेच आधी येतं. गीझर चार-पाच मीटर लांब असेल तर साधारण लिटरभर पाणी गार येतं. आजींना वाटतं, पाणी तापलेलंच नाही. त्या दांडा आणखी गरमकडे नेतात आणि अंदाजासाठी हात तोटीखालीच ठेवतात. काही सेकंदांनी गीझरमधलं कढत पाणी येतं, थेट हातावर.

घंगाळाच्या सवयीत हा धोका नव्हता, कारण पाणी किती कढत आहे ते वाफेवरून आधीच कळायचं आणि विसण घातल्याशिवाय कुणी त्यात हात घालत नसे.

'आधी विसण, मग कढत'

यावर साधा उपाय म्हणजे नळाखाली हात न धरता बादलीत पाणी भरणं, आणि तेही आधी गार, मग गरम. बादलीत अर्ध्याच्या थोडं वर गार पाणी असलं की त्यात पडणारं कढत पाणी लगेच निवतं. पाणी अंगावर घेण्याआधी तांब्याने ढवळलं की झालं.

गार पाणी किती घ्यायचं, याचा हिशेब करता येतो. नळाचं पाणी २५ अंश, गीझरचं ६० अंश आणि आंघोळीला हवं ४० अंश असं धरलं, तर १८ लिटरच्या बादलीत साधारण १० लिटर गार आणि ८ लिटर गरम लागतं. थंडीत नळाचं पाणी आणखी गार असतं, तेव्हा गरम थोडं जास्त लागेल. कार्डावर हे आकडे नकोत. बादलीच्या चित्रावर अर्ध्याच्या जरा वर एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे 'इथपर्यंत गार' एवढं पुरतं. घरातल्या बादलीला आतून त्याच उंचीवर रंगीत चिकटपट्टी लावली तर आणखी बरं.

इथे एक अडचण आहे. घंगाळात आधी कढत पाणी काढून मग विसण घालायची सवय असते. कार्ड नेमका उलटा क्रम सांगतं, आणि आयुष्यभराची सवय एका चित्राने मोडत नाही. म्हणून हा क्रम त्यांच्याच शब्दांत सांगायला हवा. 'प्रथम थंड पाण्याचा नळ सुरू करावा' हे वाक्य वाचलं जाईल आणि विसरलं जाईल. 'आधी विसण, मग कढत' लक्षात राहील, कारण शब्द ओळखीचे आहेत आणि फक्त त्यांची जागा बदलली आहे.

शॉवरचं काय? कार्डावर शॉवर घ्यायला शिकवायची गरज नसते. ज्यांना बादली-तांब्याची सवय आहे त्यांना ती सोडायला लावू नये. पण शॉवर चुकून सुरू होणं टाळलं पाहिजे. काही मिक्सरची शॉवरची खुंटी पाणी बंद झाल्यावर आपोआप तोटीकडे येते, काहींची तिथेच राहते. तशी राहिली तर पुढच्या माणसाने दांडा उचलताच पाणी डोक्यावर येतं. पाण्याच्या धक्क्याने मागे सरकताना ओल्या फरशीवर पाय घसरू शकतो.

हे काम घरातल्या माणसांचं आहे. पाहुणे असेपर्यंत प्रत्येकाने आंघोळ झाल्यावर खुंटी तोटीकडे आणि दांडा गारकडे करून बाहेर यायचं.

गीझरच्या बटणाबद्दल काय लिहायचं?

'आंघोळीआधी गीझर लावा' हे पुरेसं नाही. किती आधी, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर घराघरात वेगळं असतं.

१५ लिटरचा २ किलोवॅटचा साठवणीचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १८ मिनिटं घेतो. कार्डावर '२० मिनिटे' लिहावं. तीन लिटरचा ३ किलोवॅटचा छोटा गीझर तेवढंच काम अडीच-तीन मिनिटांत करतो, पण त्यात एका वेळी पाणी थोडंच तापतं. शेजारच्या घरातलं कार्ड आपल्या घरात चालत नाही ते यामुळेच.

साठवणीच्या गीझरमध्ये पाणी तापल्यावर बटण बंद करून आंघोळीला जाता येतं. टाकीला आतून उष्णतारोधक थर असल्याने पाणी लगेच निवत नाही आणि ६० अंशांच्या १५ लिटरमधून आंघोळीचं ३५ लिटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या पाणी होतं. बटण बंद असल्यामुळे गीझरच्या कॉइलमध्ये बिघाड असला तरी आंघोळीच्या वेळी शॉक लागण्याची शक्यता खूप कमी होते. म्हणून अशा घरात 'बटण बंद करून मग आंघोळ' ही कार्डावरची ठळक ओळ असावी. त्यामुळे गीझर रात्रभर चालू राहण्याचा प्रश्नही सुटतो.

दिव्यांचा घोळ मात्र आधी निस्तरावा लागतो. दाराबाहेरच्या बटणावरचा दिवा फक्त वीज चालू असल्याचं सांगतो. पाणी तापतंय की तापून झालं, हे गीझरवरच्या दिव्याने कळतं, आणि त्याची पद्धत कंपनीगणिक बदलते. काहींचा दिवा पाणी तापल्यावर विझतो, काहींचा रंग बदलतो. कार्ड करण्याआधी एकदा गीझर लावून समोर उभं राहून बघावं आणि दिसेल तेच लिहावं. तो दिवा उंचावर आणि बारीक असेल, तर दिव्याऐवजी घड्याळातल्या वेळेवर भर द्यावा.

आणखी एक काम कार्डाच्या आधीचं. ज्या गीझरला तापमान कमी-जास्त करायची खुंटी असते, ती पाहुणे आहेत तोवर ५० अंशांच्या आसपास ठेवता येते. १५ लिटर पाणी मग १३-१४ मिनिटांत तापतं. त्यातून आंघोळीचं पाणी २५ लिटरच होतं, पण तेवढं एका माणसाला पुरतं. त्या वेळी बादलीत गार पाणीही कमी घ्यावं लागतं, म्हणून चिकटपट्टीची खूण अर्ध्याच्या खाली सरकवायची.

सोसायटीत सोलर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गीझरचं बटण बंद असतानाही गरमच्या नळाला कढत पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. अशा घराच्या कार्डावर 'बटण बंद असले तरी पाणी कढत' ही ओळ हवीच.

फ्लशमध्ये समजावण्यासारखं काय आहे?

दोन बटणांचा फ्लश ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० साली आणला. हेतू पाणी वाचवण्याचा होता. आजच्या बऱ्याच टाक्यांत लहान बटणाने साधारण तीन लिटर आणि मोठ्या बटणाने सहा लिटर पाणी सुटतं. आजोबांना एवढंच कळायला हवं की लघवीनंतर लहान आणि शौचानंतर मोठं बटण दाबायचं.

अडचण असते ती दाबण्यात. संधिवाताच्या बोटांनी बटण अर्धंच आत जातं, पाणी थोडंसं येतं आणि थांबतं. मग पुन्हा दाबलं जातं. पण टाकी भरायला मिनिटभर तरी लागतं आणि अर्ध्या भरलेल्या टाकीतून जोर येत नाही. चार वेळा दाबूनही फ्लश होत नाही तेव्हा माणूस ओशाळतो.

म्हणून चित्रात टोकाशी टेकलेलं बोट काढू नये. अंगठा किंवा तळहाताची कड बटण पूर्ण आत दाबताना दाखवावी. पुढच्या ओळीत 'टाकी भरल्याचा आवाज थांबला की मगच पुन्हा दाबावे' असं लिहावं. टाकी भिंतीत असली तरी हा आवाज ऐकू येतो.

याच्या खाली एक ओळ अशी लिहावी, जी सहसा कुणी लिहीत नाही: 'फ्लश झाला नाही तर बादलीने पाणी ओतले तरी चालते.' हे खरंच चालतं. कमोडच्या वाकड्या नळीतून मैला पुढे जातो तो एकदम आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने. तो लोंढा टाकीतून आला काय किंवा बादलीतून आला काय, सारखंच. अर्धी बादली एका दमात ओतली की काम होतं. हे कळलं की आजोबांना कुणाला हाक मारावी लागत नाही.

रात्रीची एक ओळही उपयोगी पडते. आवाजाने घर जागं होईल म्हणून काही वयस्कर माणसं रात्री फ्लश करतच नाहीत. 'रात्रीही बिनधास्त दाबावे' एवढं लिहिलं तर तो संकोच जातो.

एक कार्ड, दोन आवृत्त्या

समजा, पुण्यात कोथरूडमधल्या एका फ्लॅटवर साताऱ्याजवळच्या गावाहून आत्या आणि त्यांचे यजमान आठ दिवसांसाठी येणार आहेत. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. आत्याला वाचता येतं, पण चष्म्याशिवाय नाही. यजमानांना गुडघेदुखी आहे. बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर, एका दांड्याचा मिक्सर आणि दोन बटणांचा फ्लश आहे.

घरातल्या मुलाने केलेलं पहिलं कार्ड असं आहे: 'गीझर युज करण्यापूर्वी १५-२० मि. ऑन करावा. हॉट वॉटरसाठी लिव्हर लेफ्टला, कोल्डसाठी राइटला. ड्युअल फ्लश आहे. यूज झाल्यावर गीझर ऑफ करणे. फरशी ओली ठेवू नये.' सोबत इंटरनेटवरून घेतलेलं, वेगळ्याच कंपनीच्या मिक्सरचं चित्र.

यात खोटं काहीच नाही. पण शब्द आत्यांचे नाहीत, चित्र समोरच्या मिक्सरशी जुळत नाही, पाणी आधी कुठलं घ्यायचं ते नाही, आणि शेवटची ओळ पाहुण्यांना बजावल्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांनी ती वाचली तर त्यांना वाईट वाटेल.

दुसऱ्या आवृत्तीत त्याच कार्डाचे तीन तुकडे होतात. बटणाजवळ लावायचा पहिला:

१. हे बटण खाली दाबावे. लाल दिवा लागेल.
२. २० मिनिटे थांबावे.
३. बटण वर करावे. दिवा विझेल. मग आंघोळीला जावे.

मिक्सरजवळचा दुसरा तुकडा सगळ्यात मोठा:

आधी विसण, मग कढत
१. बादली तोटीखाली ठेवावी.
२. दांडा उजवीकडे करून वर उचलावा. गार पाणी येईल. बादलीतल्या रेघेपर्यंत भरावे.
३. दांडा खाली करावा. पाणी थांबेल.
४. दांडा डावीकडे करून वर उचलावा. आधी गार येईल, मग कढत. हात खाली धरू नये.
५. बादली भरली की दांडा उजवीकडे करून खाली करावा.
६. तांब्याने ढवळावे. बोट बुडवून पाहावे. मग अंगावर घ्यावे.

फ्लशजवळचा तिसरा:

१. लघवीनंतर लहान बटण, शौचानंतर मोठे.
२. अंगठ्याने पूर्ण आत दाबून सोडावे. रात्रीही बिनधास्त दाबावे.
३. पुन्हा दाबायचे असेल तर आवाज थांबू द्यावा.
४. नाहीच झाले तर अर्धी बादली पाणी एकदम ओतावे.

'गीझर', 'मिक्सर' हे शब्द या कार्डात कुठेच नाहीत आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही. प्रत्येक पायरीवर आधी हाताचं काम आहे आणि गरज आहे तिथे पुढे काय दिसेल किंवा ऐकू येईल तेही आहे. मिक्सरच्या कार्डावर एकच मनाई आहे, ती भाजण्यापासून वाचवणारी.

चित्र आणि अक्षरं कशी असावीत?

बाथरूममधल्या खुणा सगळीकडे सारख्या नसतात. जपानमध्ये टॉयलेटच्या बटणांवर प्रत्येक कंपनीची वेगळी चिन्हं होती. परदेशी पाहुणे गोंधळू लागले तेव्हा तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०१७ साली आठ चिन्हं सर्वांसाठी सारखी ठरवली. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये मात्र फ्लश एका कंपनीचा, मिक्सर दुसऱ्या आणि गीझर तिसऱ्या कंपनीचा असतो. म्हणून चित्र घरातल्याच वस्तूचं असावं.

सगळ्यात सोपी रीत अशी. मोबाइलवर समोरून फोटो काढायचा, तो छापून त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि जाड पेनाने फक्त बाह्यरेषा गिरवायची. फोटो तसाच लावला तर स्टीलवरची चमक आणि मागच्या टाइल्सची नक्षी यांत दांडा हरवतो. गिरवलेल्या चित्रात हात काढावा, कारण हात दिसला की कुठे धरायचं ते विचारावं लागत नाही.

बाण फक्त हाताच्या हालचालीसाठी वापरावा. हाताला बाण आणि पाण्यालाही बाण असं केलं की दांडा खाली ओढायचा की पाणी खाली पडतंय, हे कळत नाही. पाण्यासाठी थेंब काढावेत. एका चित्रात एकच हालचाल असावी. उचलणं आणि वळवणं या दोन हालचालींसाठी दोन चित्रं काढावीत.

लाल रंगाचंही ठरवून घ्यावं. बटणावरचा लाल दिवा म्हणजे चालू आणि नळावरचा लाल ठिपका म्हणजे गरम. कार्डावर लाल रंग फक्त कढत पाण्याला द्यावा आणि दिव्याच्या जागी 'लाल दिवा' हे शब्द काळ्या शाईत लिहावेत. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळ्या छटा फिक्या वाटू लागतात. म्हणून रंगासोबत 'गार' आणि 'कढत' हे शब्दही हवेतच.

अक्षरं किती मोठी? आंघोळीला जाताना चष्मा बाहेर राहतो, हे धरूनच ठरवावं. मुख्य शब्द दीड-दोन सेंटिमीटर उंच असावेत, पांढऱ्यावर काळे. ए-फोर कागदावर मिक्सरच्या सहा पायऱ्या या आकारात मावत नसतील तर दोन कागद घ्यावेत. मावावं म्हणून अक्षर बारीक करू नये.

कुठे लावायचं?

सगळं एकाच कार्डावर घालून ते दारामागे लावलं, तर दार उघडल्यावर कार्ड झाकलं जातं आणि मिक्सरसमोर उभं राहिल्यावर ते पाठीमागे असतं. म्हणून प्रत्येक तुकडा त्या त्या वस्तूशेजारीच लावावा.

बटणाचा तुकडा बाथरूमच्या बाहेर, बटणाच्या अगदी बाजूला. मिक्सरचा तुकडा तोटीच्या वर, पण पाणी उडतं त्यापासून थोडा बाजूला आणि हातभर अंतरावर. वयोमानाने जवळचं अंधूक दिसतं, तेच हातभर लांब थोडं स्पष्ट दिसतं. फ्लशचा तुकडा बटणांच्या वर, उठून वळल्यावर नजर जाईल तिथे.

कागद लॅमिनेट करताना चारही बाजूंनी थोडी मोकळी प्लॅस्टिकची कड ठेवावी. कागदाच्या कडेलगत कापलं तर वाफेचं पाणी आत शिरतं आणि आठवड्याभरात शाई पसरते. फार चकाकणारं प्लॅस्टिक असेल तर वरच्या दिव्याचा उजेड नेमका अक्षरांवर पडतो. लावल्यावर दिवा सुरू करून, पाहुण्यांच्या उंचीवरून एकदा बघून घ्यावं.

कार्ड जमलं की नाही, कसं कळेल?

'कळलं का?' असं विचारून उपयोग नाही. उत्तर 'हो' असंच येतं.

पाहुणे येण्याआधी इमारतीतल्या एखाद्या ज्येष्ठ शेजाऱ्यांना कार्ड दाखवावं आणि काहीही न समजावता विचारावं, "यात पाहून तुम्ही आधी काय कराल?" बोट कुठे जातं ते बघावं. ते थांबले, पुन्हा वाचू लागले किंवा चुकीच्या बाजूला वळले, तर त्या पायरीचं चित्र बदलावं. चूक कार्डाची असते.

पाहुणे आल्यावर पहिल्या संध्याकाळी घरातल्या माणसाने एकदा कार्ड बघत बघत सगळं करून दाखवावं आणि मग दांडा त्यांच्या हाती द्यावा. दाखवताना कार्डावरचेच शब्द वापरावेत. कार्ड म्हणजे या दाखवण्याची आठवण आहे. कधीच न पाहिलेली गोष्ट नुसत्या कार्डावरून शिकणं अवघडच जातं.

पुढच्या दोन दिवसांत न विचारताही काही गोष्टी दिसतात. बाहेरच्या बटणाचा दिवा तासभर लागलेला राहिला, तर तिसरी पायरी पोहोचलेली नाही. दांडा गरमकडे राहिलेला सापडला, तर पाचवी पायरी. बादली कोरडी असेल आणि कुणी 'आज नको आंघोळ, गार वाटतंय' म्हणत असेल, तर कदाचित थंडीपेक्षा मिक्सरचीच धास्ती असेल.

कार्डाने काय होणार नाही?

काही धोके कार्डाच्या आवाक्याबाहेर आहेत. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि आतल्या माणसाला उठून दार उघडायचंही भान राहत नाही. त्यावर सूचना लिहून भागत नाही, गीझर मोकळ्या हवेत हलवावा लागतो. वायरिंगला अर्थिंग नसेल किंवा गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर नसेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

प्लंबरने गरम-गारचे पाइप उलटे जोडलेले असतील तर कार्ड उलट धोक्याचं ठरतं, कारण ते ज्या बाजूला गार म्हणतं तिथून कढत पाणी येतं. कार्ड छापण्याआधी दोन्ही बाजूंचं पाणी स्वतः पाहून घेणं म्हणूनच गरजेचं.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांना पायऱ्या वाचून पाळता येतील असं धरून चालू नये. त्यांच्यासाठी बादली भरून, पाणी ढवळून ठेवावं आणि आंघोळ होईपर्यंत कुणीतरी दाराशी थांबावं.

आणि दाराची कडी. पाहुण्यांना हळूच सांगून ठेवावं की कडी लावली नाही तरी चालेल, बाहेर कुणीतरी आहे. त्या वेळी बाहेर खरंच कुणीतरी असावं.